उडालेले मेल, उरलेले दिवस

2011 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी लेखिका डेबोरा फॅलोज यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांना त्यांच्या जीमेल खात्यावरून एक मेल गेला. मी माद्रिदमध्ये आहे, मला लुटलंय, तातडीने पैसे पाठवा, असा त्याचा मजकूर. डेबोरा माद्रिदमध्ये नव्हत्याच. खटपट करून त्यांनी खातं परत ताब्यात घेतलं, आणि उघडून बघतात तो आत काहीच नाही. सुमारे सहा वर्षांचा पत्रव्यवहार गायब, आणि कचरापेटीही स्वच्छ. त्यांचे पती जेम्स फॅलोज हे नावाजलेले पत्रकार. त्यांनी ही सगळी हकीकत ‘द अटलांटिक’ मासिकाच्या नोव्हेंबर 2011 च्या अंकात लिहिली. मेल अखेर परत मिळाले. मात्र फॅलोज यांच्या गूगलमध्ये ओळखी होत्या, आणि लेखात त्यांनी ते लपवलं नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जीमेलच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे सुमारे 0.02 टक्के वापरकर्त्यांचे मेल नाहीसे झाले होते. एकाच मेलच्या अनेक प्रती निरनिराळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या असतात, पण त्या चुकीने त्यांतल्या अनेक प्रती खाल्ल्या. गूगलने तेव्हा जुन्या पद्धतीच्या चुंबकीय टेपवर ठेवलेल्या प्रती काढून मेल परत आणले. म्हणजे प्रती होत्या, आणि कोणाची ओळख नसतानाही लोकांना मेल मिळाले.

या दोन प्रसंगांत फरक काय? फेब्रुवारीत चूक कंपनीची होती. एप्रिलमध्ये ‘हे सगळं पुसा’ असा हुकूम खात्याच्या आतून आला होता. सर्व्हरला तो हुकूम मालकाने दिला की चोराने, हे कळत नाही. पासवर्ड बरोबर होता, एवढंच त्याला माहीत. मालकाने सांगितलेलं पुसायचं हे तर त्याचं कामच आहे, आणि ते तो सगळ्या प्रतींमध्ये इमानेइतबारे करतो. कंपनीने प्रती ठेवलेल्या असतात त्या स्वतःच्या यंत्रातल्या बिघाडापासून बचाव म्हणून. तुमच्या नावाने आलेल्या हुकमापासून त्या तुम्हाला वाचवत नाहीत. ‘गूगलकडे सगळं असतंच’ या भरवशावर बसलेली माणसं इथे फसतात.

तरीही खात्यात शिरलेल्या माणसाने नाहीसे केलेले बरेचसे मेल परत मिळतात. त्याला कारणं दोन. एक म्हणजे पुसण्याचा हुकूम लगेच अमलात येत नाही, तो टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या दिवसांनी अमलात येतो. दुसरं म्हणजे पुष्कळदा चोराने काही पुसलेलंच नसतं, नुसतं लपवलेलं असतं.

आधी लपवण्याचं बघू, कारण आजकाल तेच जास्त चालतं. माद्रिदवाल्या भामट्याला घाई होती. पैसे मागायचे आणि मालकिणीला कोणाला सावध करता येऊ नये म्हणून सगळं उडवून निघून जायचं. आताचा सराईत चोर कंपनीच्या मेलबॉक्समध्ये शिरतो तो मुक्कामाच्या तयारीने. त्याला बिलांचा पत्रव्यवहार वाचायचा असतो, आणि योग्य वेळी तुमच्या नावाने ग्राहकाला नवा बँक खाते क्रमांक कळवायचा असतो. तुमच्या पेटीतलं सगळं उडालं तर तुम्ही सावध व्हाल, मग त्याचंच नुकसान. म्हणून तो एक नियम लावून ठेवतो.

उदाहरणासाठी एक कारखाना कल्पनेतला घेऊ. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, कास्टिंग जर्मनीला जातं, हिशेब विभागाचा मेल मायक्रोसॉफ्ट 365 वर. हिशेब बघणाऱ्या बाईंनी कुठल्याशा बनावट पानावर पासवर्ड भरला आणि 3 तारखेला चोर आत आला. त्याने नियम लिहिला: जर्मन ग्राहकाच्या पत्त्यावरून आलेला किंवा ‘इन्व्हॉइस’, ‘पेमेंट’ हे शब्द असलेला मेल इनबॉक्समध्ये दिसू द्यायचा नाही, वाचला अशी खूण करून `RSS Feeds` या फोल्डरमध्ये टाकायचा. हे फोल्डर आउटलुकमध्ये वर्षानुवर्षं पडून असतं आणि ते कोणी उघडत नाही. नियमाला नाव द्यावं लागतं, तर त्याने नाव दिलं नुसतं एक टिंब. यादीत डोळ्यांना ते दिसतसुद्धा नाही. टिंबाच्या नावाचा नियम सापडला की अनुभवी माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही.

बाईंना वाटतंय, जर्मनीहून उत्तर नाही. जर्मनीतल्या माणसाला उत्तरं मिळतायत, फक्त ती चोर लिहितोय.

अशा वेळी ‘मेल गेले’ असं वाटलं तरी ते पेटीतच असतात. आउटलुकमध्ये एकूण एक फोल्डर उघडून बघावं, विशेषतः `RSS Feeds`, `Conversation History` आणि `Archive`. जीमेलमध्ये हीच युक्ती फिल्टरने होते. इनबॉक्स टाळून मेल थेट `All Mail` मध्ये जातो, किंवा आल्याआल्या ट्रॅशमध्ये पडतो. जीमेलचा नेहमीचा शोध ट्रॅश आणि स्पॅम चाळत नाही, म्हणून शोधाच्या चौकटीत असं लिहावं लागतं:

```
in:anywhere invoice
```

आणि मग सेटिंग्जमध्ये फिल्टर व फॉरवर्डिंग ही दोन्ही पानं संगणकावर उघडून तपासावीत. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टरची यादी मिळत नाही, त्यामुळे फक्त फोन वापरणाऱ्याला चोराचा फिल्टर महिनोन् महिने दिसत नाही.

इथे एक क्रम पाळायचा असतो, आणि घाबरलेला माणूस नेमका तोच उलटा करतो. हरवलेले मेल परत आणण्याआधी चोराला बाहेर काढायचं. पासवर्ड बदलायचा, सगळ्या उपकरणांवरून खातं साइन आउट करायचं, परतीचा फोन नंबर आणि पर्यायी मेल आपलाच आहे ना ते बघायचं, आपण न जोडलेल्या अ‍ॅपची परवानगी काढायची आणि नियम काढून टाकायचा. काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण तोच पुरावा आहे. नियम जिवंत ठेवून मेल परत आणले तर पुढचा येणारा मेल पुन्हा त्याच विहिरीत जातो, आणि चोर आत असताना तुम्ही आवराआवर करताय हे त्याला दिसलं तर तो जाताजाता खरंच सगळं पुसून जातो.

आपल्या कारखान्यात असंच झालं असं धरू. 20 तारखेला जर्मन ग्राहकाने फोन केला, आणि त्याच दुपारी चोराने पाठवलेल्या मेलांचं फोल्डर, ‘जर्मनी’ नावाचं चार वर्षांचं फोल्डर आणि डिलीटेड आयटम्स हे सगळं साफ केलं. आयटी बघणाऱ्या माणसाला हे कळलं 30 तारखेला. आता खेळ दिवसांचा.

आउटलुकमध्ये डिलीट केलेला मेल आधी `Deleted Items` मध्ये जातो. तिथूनही काढला, की तो वापरणाऱ्याच्या नजरेआड असलेल्या एका जागी जातो, तिचं नाव `Recoverable Items`. तिथे पोचण्यासाठी `Deleted Items` मध्ये वर ‘या फोल्डरमधून पुसलेले परत मिळवा’ अशा अर्थाचा दुवा असतो. अनेकांनी तो कधी दाबलेला नसतो. कंपनीच्या खात्यात तिथला मुक्काम सहसा 14 दिवसांचा असतो, आणि तो 30 पर्यंत वाढवता येतो. चोर हुशार असेल तर तो या जागेतूनही मेल काढून टाकतो. तरी कंपनीच्या खात्यात ते `Purges` नावाच्या आणखी आतल्या कप्प्यात जातात, आणि मूळ मुदत संपेपर्यंत तिथेच राहतात. तो कप्पा ना बाईंना दिसतो ना बाईंचा पासवर्ड चोरणाऱ्याला. तो फक्त अ‍ॅडमिन उघडू शकतो.

20 ला पुसलं, 30 ला कळलं. म्हणजे 14 पैकी 4 दिवस उरले. अशा वेळी मेल शोधत बसण्याआधी अ‍ॅडमिनने घड्याळ थांबवायचं:

```
Set-Mailbox -Identity accounts@example.com -RetainDeletedItemsFor 30
Get-InboxRule -Mailbox accounts@example.com -IncludeHidden
```

पहिली ओळ मुदत 30 दिवसांवर नेते. दुसरी त्या मेलबॉक्समधले सगळे नियम दाखवते, आउटलुकच्या पडद्यावर न दिसणारे छुपेसुद्धा. मग सवडीने `Get-RecoverableItems` ने काय काय आहे ते बघायचं आणि `Restore-RecoverableItems` ने परत आणायचं. 4 दिवस उरलेले असताना आयटी माणूस ‘सोमवारी बघतो’ म्हणाला, तर सोमवारी बघायला काही उरलेलं नसेल.

मेल आले तरी ‘जर्मनी’ हे फोल्डर जसंच्या तसं उभं राहत नाही. फोल्डर नुसतं डिलीट झालेलं असेल तर ते `Deleted Items` च्या पोटात अख्खं सापडतं, ओढून जागेवर ठेवलं की झालं. तिथूनही गेलं असेल तर मेल सुटे सुटे परत येतात, आणि मूळ फोल्डर अस्तित्वात नसल्याने इनबॉक्समध्ये ढीग होतो. चार वर्षांची लावालाव गेलेली असते. तिचा माग लागतो तो ऑडिट लॉगमध्ये. कंपनीच्या खात्यांत मेलबॉक्सची ही नोंदवही आपोआप चालू असते. तिच्यात `SoftDelete`, `HardDelete` अशा नावांनी कोणत्या वेळी, कुठल्या आयपी पत्त्यावरून काय पुसलं याची नोंद असते, आणि पुसलेल्या मेलचा विषय व तो कुठल्या फोल्डरमध्ये होता हेही मिळतं. मजकूर मात्र मिळत नाही. तरी हीच यादी समोर ठेवून ढीग पुन्हा लावता येतो, आणि किती मेल आलेच नाहीत हेही कळतं. नाहीतर ‘सगळं परत आलं’ हे कशावरून म्हणायचं?

जीमेलची गोष्ट फोल्डरच्या बाबतीत अगदी वेगळी आहे आणि बरीच दिलासा देणारी. जीमेलमध्ये फोल्डर नसतातच, लेबलं असतात. डब्यावरची चिठ्ठी सोलून काढली म्हणून आतली डाळ कमी होत नाही. चोराने ‘जर्मनी’ हे लेबल उडवलं तरी त्याखालचे मेल `All Mail` मध्ये शाबूत असतात, फक्त बेवारस झालेले असतात. असे बेवारस मेल एकत्र काढायला एक शोध आहे:

```
has:nouserlabels -in:inbox -in:sent
```

एकही लेबल नसलेले, इनबॉक्समध्येही नसलेले मेल यात समोर येतात. उडालेलं लेबल परत आणायची सोय नाही, ते नव्याने करून लावायचं. कंटाळवाणं काम, पण मेल गेले म्हणून रडण्यापेक्षा बरं.

मेलच डिलीट केले असतील तर ते ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतात. ट्रॅशही रिकामा केला असेल तर वैयक्तिक जीमेलधारकाच्या हातात एकच गोष्ट उरते. गूगलच्या मदतपानावर `Gmail Message Recovery Tool` नावाची सोय आहे, आणि ती मुद्दाम अशाच प्रसंगासाठी आहे, की खात्यात दुसरं कोणी शिरून मेल पुसले असावेत. आधी खातं ताब्यात घ्यायचं, मग त्यात साइन इन करून विनंती करायची. उत्तर ‘मिळाले’ किंवा ‘आता मिळू शकत नाहीत’ यांपैकी एक येतं, त्यावर दाद मागायला खिडकी नाही. म्हणून ही विनंती त्याच दिवशी करावी. फॅलोज यांच्यासाठी जे काम ओळखीने झालं, त्याचा सर्वांसाठीचा दरवाजा हा, आणि तो अरुंद आहे.

ऑफिसचं खातं गूगल वर्कस्पेसवर असेल तर स्थिती बरीच बरी. ट्रॅशमधून कायमचं पुसल्यावरही 25 दिवसांपर्यंत अ‍ॅडमिन आपल्या कन्सोलमधून ते परत आणू शकतो, तारखेची कक्षा निवडून. त्यानंतर गूगलला फोन करूनही उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक आउटलुक डॉट कॉम खात्यात परत मिळवण्याची खिडकी 30 दिवसांची आहे, आणि तिथे मागे अ‍ॅडमिन नसतो, त्यामुळे चोराने त्या आतल्या जागेतूनही पुसलं तर संपलं. याहूमध्ये मुदत सगळ्यात तोकडी, 7 दिवसांची. घरातल्या ज्येष्ठांची जुनी याहू खाती महिन्यातून एकदा उघडली जातात, तेव्हा तिथे काही झालं असेल तर कळेपर्यंत मुदत उलटलेली असते.

आता एक जागा अशी, जिचा विचार फार कमी लोक करतात: कपाटातला जुना लॅपटॉप.

ज्या संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्ड कधी काळी जोडलेलं होतं, त्याच्या डिस्कवर मेलची प्रत पडून असते. तो संगणक हल्ल्याच्या दिवसापासून बंद असेल, तर त्यातली प्रत हल्ल्याच्या आधीची आहे. पण संगणक चालू झाला आणि वायफायला जोडला गेला, की मेलचा प्रोग्राम सर्व्हरला विचारतो, सर्व्हर सांगतो ‘हे सगळं पुसलंय’, आणि तो आज्ञाधारकपणे आपलीही प्रत पुसतो. काही सेकंदांत. म्हणून आधी घरातला राउटर बंद करायचा किंवा केबल काढायची, मगच लॅपटॉप चालू करायचा. आउटलुक उघडून जे दिसेल ते `.pst` फाइलमध्ये एक्सपोर्ट करायचं. थंडरबर्डमध्ये हवे ते मेल `Local Folders` खाली कॉपी करायचे. ही प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली की मग खुशाल नेट जोडा. जुन्या फोनचंही तसंच, फ्लाइट मोडमध्ये ठेवूनच मेलचं अ‍ॅप उघडायचं. फोनमध्ये मात्र बहुधा अलीकडचेच मेल साठवलेले असतात, आणि ते बाहेर काढणं अवघड. स्क्रीनशॉटवर समाधान मानावं लागतं.

थंडरबर्डची आणखी एक खासियत. ते एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं, आणि मेल डिलीट केला की लगेच फाइलमधून कापत नाही, त्यावर ‘पुसलेला’ अशी खूण करतं. प्रत्यक्ष कापाकापी होते ती फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर. तेव्हा नेट जोडल्यावर मेल गेले असं दिसलं, तरी कॉम्पॅक्ट न करता प्रोग्राम बंद करून ती फाइल कॉपी करून ठेवली, तर त्यातून मेल बाहेर काढणारा माणूस सापडू शकतो. ‘तुमच्या फोल्डरमध्ये जागा वाचवता येईल, कॉम्पॅक्ट करू का?’ असं थंडरबर्ड अगदी नम्रपणे विचारतं. तेव्हा नाही म्हणायचं.

बाजारात मेल परत आणून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती पुष्कळ. ती तुमच्या संगणकावरच्या फाइलीवर काम करतात. गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून पुसलेलं कोणीही तिसरा आणून देऊ शकत नाही. तसा दावा करून जो तुमचा पासवर्ड मागेल, तो दुसरा चोर समजावा. पहिल्याचा फटका बसलेल्या माणसालाच हा दुसरा गाठतो.

पैसे गेले असतील तर मेल शोधत न बसता आधी 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, तक्रार `cybercrime.gov.in` वर नोंदवायची आणि आपल्या बँकेला कळवायचं. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असते, तिथे तासांचा हिशेब असतो. परदेशातल्या ग्राहकाने परदेशातल्या खात्यात पैसे भरले असतील तर त्याच्या बँकेने आणि पोलिसांनी तिकडून हालचाल करावी लागते, म्हणून त्यालाही त्याच तासात फोन. फोनच, मेल नाही, कारण त्या मेलच्या वाटेवर अजून चोर बसलेला असू शकतो.

आणि हाच ग्राहक मेल परत मिळण्याचाही मोठा आधार आहे. कारखान्याने पाठवलेला प्रत्येक मेल जर्मनीत त्याच्या पेटीत आहे, त्याने लिहिलेलाही आहे, आणि चोराने कारखान्याच्या नावाने लिहिलेलेही तिथेच आहेत. कारखान्याच्या बाजूने ते पुसले गेले तरी समोरच्याच्या पेटीपर्यंत चोराचा हात पोचलेला नसतो. ते मागवताना नुसते फॉरवर्ड करून मागवू नयेत. तसं केलं की मूळ मेलचं शीर्षक, म्हणजे तो कुठल्या सर्व्हरवरून कसा आला ही माहिती, गळून पडते. ‘जोडपत्र म्हणून पाठवा’ असं सांगावं, म्हणजे प्रत्येक मेलची स्वतंत्र `.eml` फाइल येते आणि आतली माहिती शाबूत राहते. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तिथे मेलच्या छापील कागदापेक्षा अशी फाइल कितीतरी जास्त कामाला येते.